बढतीच्छुक गृहस्थासाठी पदवी-मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, ज्यांना बी.कॉम.नंतर पुस्तक म्हणून फक्त बँकेचं पासबुक माहीत आहे, आणि ज्यांच्या पुढे बसणारा, वयाने धाकटा माणूस केवळ एम.बी.ए. आहे म्हणून साहेब झाला आहे, अशा उमेदवारांसाठी आहे. उदाहरणादाखल एक उमेदवार घेतला आहे. तो भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. प्रवेश घेताना त्याचं वय ४३ होतं. तो मीच.

नियम पहिला : माहितीपत्रकाच्या आधी परिपत्रक वाचावं. पत्रकावर हिरवळीत बसून हसणारी मुलं असतात, परिपत्रकावर कुणीच हसत नाही, म्हणून लोक पत्रक आधी वाचतात. आमच्या बढतीच्या परिपत्रकात ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी’ एवढंच होतं. तुमच्या परिपत्रकात ‘पूर्णवेळ’ किंवा ‘नियमित’ हा शब्द असेल, तर तिथेच थांबून आस्थापना विभागाला लेखी विचारावं आणि लेखी उत्तर घ्यावं. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, हे आयोगाच्या २०२०च्या विनियमांत आहे आणि २०२२मध्ये त्याने ते पुन्हा जाहीरही केलं. पण समकक्ष आहे एवढंच आयोग सांगतो. ‘याला बढती द्या’ असं तो कुणाच्याही साहेबाला सांगत नाही. कॅन्टीनमध्ये मिळालेलं उत्तर ग्राह्य धरू नये. मी धरलं होतं, त्यात दोन महिने गेले.

नियम दुसरा : मेहुण्याचा सल्ला घ्यावा, म्हणजे काय करायचं नाही ते कळतं. माझा मेहुणा म्हणाला, “भावजी, ऑनलाइनला काय अर्थ आहे? रेग्युलर ते रेग्युलर.” मी म्हटलं, नोकरीचं काय? तर त्याच्या ओळखीचं एक कॉलेज होतं, गावापासून साठ किलोमीटरवर. फी भरायची, परीक्षेला जायचं, “हजेरीचं ते बघतात.”

इथे उमेदवाराने थांबून दोन हजेरीपट डोळ्यांसमोर आणावेत. एक कारखान्याचा. त्यावर रोज सकाळी आठ अठ्ठावीसला माझा अंगठा उमटतो. दुसरा कॉलेजचा. त्यावर त्याच दिवशी नऊ वाजता, साठ किलोमीटर दूर, मी ‘उपस्थित’. पंचाहत्तर टक्के हजेरी दाखवायची तर असे दिवस दोन वर्षांत शेकड्यांनी जमतात. एरवी हे दोन कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. पण बढतीच्या वेळी पदवीची पडताळणी होते, म्हणजे दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात. मग समोरचा माणूस सभ्यपणे विचारतो की आपण नक्की कुठे होतात? या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. कॉलेजात होतो म्हणावं, तर त्या दिवसांचा पगार कशाचा? कारखान्यात होतो म्हणावं, तर पदवी कशाची? ऑनलाइन पदवीवर लोक नाक मुरडतात हे खरं, पण तिच्यात माणसाला एका वेळी दोन ठिकाणी असावं लागत नाही.

प्रामाणिकपणे रेग्युलर करायचं तर संध्याकाळचा अर्धवेळ वर्ग शोधावा, किंवा बिनपगारी रजा घ्यावी. रजेचा हिशेब मी पाकिटाच्या मागे केला. पगार ५२ हजार, दोन वर्षांचे झाले १२ लाख ४८ हजार. बढतीने महिन्याला वाढणार सात हजार, वर्षाला ८४ हजार. म्हणजे खर्च भरून यायला जवळजवळ पंधरा वर्षं. पदवी हातात येणार पंचेचाळिसाव्या वर्षी आणि निवृत्ती अठ्ठावन्नला. पैसे वसूल होईतो मी पेन्शनच्या रांगेत. ऑनलाइनची फी एक लाख वीस हजार, ती बढतीच्या अठराव्या महिन्यात फिटते. पाकीट बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “बढती मिळालीच नाही तर?” तो रकाना मी आखलाच नव्हता.

नियम तिसरा : फोनवरच्या मुलीशी सौजन्याने वागावं, पण तिचं ऐकू नये. ती रोज ‘आज शेवटची तारीख आहे सर’ म्हणते. ती पोटापाण्यासाठी बोलत असते, आपणही तेच करतो. तिने फोन ठेवला की आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर जावं. विद्यापीठाचं नाव यादीत आहे एवढ्यावर खूश होऊ नये. मान्यता अभ्यासक्रमवार आणि सत्रवार असते, म्हणून आपला विषय, आपलं सत्र आणि ‘ऑनलाइन’ हीच पद्धत, अशी तिन्ही जुळवून पाहावीत. २०२४पासून प्रवेशाआधी त्याच विभागाचा डेब-आयडी काढावा लागतो. तो स्वतः काढायचा. “आयडीची काय गरज सर, आम्ही अ‍ॅडजस्ट करतो” असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघावं. गल्लीतल्या क्लासवाल्याने ‘आम्ही विद्यापीठाचं केंद्र’ म्हटलं तरी तेच करावं. आपली पदवी दुसऱ्याकरवी विकायची मुभा विद्यापीठाला नाही.

यात मी एवढा का कुरकुरतो? कारण आमच्या शॉपमधल्या डिप्लोमावाल्या मंडळींना अजून कुणीतरी ‘घरबसल्या इंजिनियर व्हा’ म्हणतं. अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देताच येत नाही. चार अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे अशा पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५च्या तुकड्यांना वेगळी परीक्षा देऊन पदवी टिकवायची संधी दिली, त्यानंतरच्या पदव्या रद्द केल्या, आणि पदवीबरोबर तिच्यावर मिळालेली बढतीही जाते असं सांगितलं. साहेबाची खुर्ची मिळाली नाही तर माणूस चिडचिड करून गप्प बसतो. मिळालेली खुर्ची काढून घेतली तर तो कुठे बसतो, मला ठाऊक नाही.

नियम चौथा : अभ्यास रात्री दहानंतर करावा. त्याआधी टीव्ही आईचा असतो.

नियम पाचवा : परीक्षेच्या दिवशी घर रिकामं करावं. कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवावा लागतो, पुढे तीन तास कुणीतरी आपल्याकडे बघत बसतं, आणि शंभरातले सत्तर गुण याच परीक्षेला असतात. पहिल्या सत्रात मी सगळ्यांना बजावलं, आईला सोडून, कारण ती झोपली होती. अर्ध्या तासाने ती उपमा घेऊन आत आली. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली की खोलीत दुसरी व्यक्ती आहे. आईने विचारलं, “तो कोण बघतोय?” मी हूं की चूं केलं नाही, कारण ओठ हलले तरी सूचना येते. ती कॅमेऱ्यात वाकून म्हणाली, “सकाळपासून काही खाल्लं नाहीये त्यानं,” आणि बशी ठेवून गेली. ताकीद एकच मिळाली. उपमा पेपर संपल्यावर खाल्ला, गार.

नियम सहावा : पदवी मिळाली की सेवापुस्तकात तिची नोंद करून घ्यावी. आमच्या आस्थापनेचा फॉर्म जुना आहे. त्यात ‘शिक्षण घेतल्याचे ठिकाण व पूर्ण पत्ता’ असा रकाना आहे आणि तो रिकामा सोडलेला चालत नाही. शिकलो तिथला पत्ता खरोखर एकच होता. मी घरचा लिहिला.

महिन्याभराने रजिस्टर्ड पोस्टाने पडताळणीचं पत्र घरी आलं : सदर इसमाने आपल्याकडे प्रत्यक्ष उपस्थित राहून शिक्षण घेतले आहे किंवा कसे, ते कळवावे. आईने सही करून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, “लिहून घे. रोज दहा ते बारा बसायचा. मध्ये मध्ये डुलक्या काढायचा, तेही लिही.”