अकरा डॉलरची झडप

1973 साल. फोर्ड कंपनीच्या सुरक्षा विभागातले दोघे जण एक टिपण लिहितात. गाडी उलटली, टाकीतून पेट्रोल सांडलं आणि भडका उडाला, तर किती माणसं दगावतात? ती वाचवायची तर खर्च किती? टिपणात दोन बेरजा होत्या आणि त्या दोन बेरजांनी कंपनीचं नाव कायमचं काळं केलं.

पहिली बेरीज फायद्याची. टाकीला झडप बसवली, तर 180 मृत्यू टळतील, प्रत्येकी 2 लाख डॉलर. भाजून जायबंदी होणारे 180 जण वाचतील, प्रत्येकी 67 हजार. 2,100 गाड्या जळायच्या वाचतील, प्रत्येकी 700. एकूण 4 कोटी 95 लाख डॉलर.

दुसरी बेरीज खर्चाची. 1 कोटी 10 लाख मोटारी आणि 15 लाख हलके ट्रक, प्रत्येकी 11 डॉलर. एकूण 13 कोटी 75 लाख.

निष्कर्ष: परवडत नाही.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते, आणि चुकीची ऐकलेली असते. फोर्डने आपल्या ‘पिंटो’ या छोट्या मोटारीचा हिशेब केला, खटल्यांत भरपाई देणं स्वस्त पडेल असं ठरवलं आणि माणसांना जळू दिलं, असं सांगितलं जातं. ‘मदर जोन्स’ मासिकाने 1977मध्ये हा कागद गाजवला आणि तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गांत तो असाच शिकवला जातो.

पण टिपण पिंटोचं नव्हतंच! ते उलटणाऱ्या गाड्यांबद्दल होतं. पिंटो पेटत होती ती मागून धडक बसल्यावर. सव्वा कोटीचा आकडाही एकट्या फोर्डचा नव्हता, त्यात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या होत्या. आणि कागद कुठल्या गुप्त कपाटात सापडला नव्हता. कंपनीनेच तो सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याला धाडला होता, नवा नियम नको म्हणून.

मग फोर्ड निर्दोष?

मुळीच नाही. पिंटोची पेट्रोलची टाकी मागच्या अॅक्सलच्या मागे होती. मागून धडक बसली की टाकी पुढे रेटली जायची आणि डिफरन्शियलवरच्या बोल्टची डोकी तिला भोकं पाडायची. पेट्रोल भरायची नळी उखडून यायची, ती वेगळीच. ताशी 21 मैलांच्या, म्हणजे जेमतेम 34 किलोमीटरच्या धडकेत टाकी गळते, हे कंपनीला स्वतःच्या चाचण्यांतून ठाऊक होतं. शहरातल्या रस्त्यावर आपण सगळेच याहून जोरात गाडी हाकतो.

उपाय? टाकी आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये एक आडपडदा, 2 डॉलर 35 सेंट. टाकीच्या आत नायलॉनची पिशवी, सव्वापाच ते आठ डॉलर. गाडीची किंमत 2,000 डॉलरच्या आत ठेवायचा हुकूम होता, म्हणून यातलं काहीच बसवलं नाही.

1972मध्ये कॅलिफोर्नियात बंद पडलेल्या एका पिंटोला मागून धडक बसली. चालवणारी बाई गेली, सोबतचा 13 वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. 1978मध्ये ज्युरीने साडेबारा कोटी डॉलरचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो 35 लाखांवर आणला आणि 1981मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. विशेष म्हणजे ते बदनाम टिपण न्यायाधीशांनी ज्युरीसमोर येऊच दिलं नव्हतं. चाचण्यांचे निकाल आणि सुट्या भागांचे दर एवढ्यावर ज्युरीची खात्री पटली. 1978च्याच जूनमध्ये कंपनीला 15 लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावाव्या लागल्या आणि टाकीपुढे प्लॅस्टिकचा आडपडदा बसवावा लागला.

म्हणजे साध्या आडपडद्याने काम भागत होतंच की!

आता टिपणाकडे परत येऊ, कारण खरी गोम वेगळीच आहे. हे 2 लाख डॉलर आले कुठून? फोर्डच्या खिशातून नव्हे. हा आकडा सरकारचाच होता. महामार्ग सुरक्षा खात्याने 1972मध्ये एका अपघाती मृत्यूमुळे समाजाचं किती नुकसान होतं याची यादी केली, ती 2,00,725 डॉलर भरली.

यादी वाचायलाच हवी. माणूस जगला असता तर त्याने जे कमावलं असतं, त्याचे 1 लाख 73 हजार 300. वकील आणि कोर्टाचे 3,000. विमा कंपनीच्या कारकुनीचे 4,700. अंत्यविधीचे 900. आणि मरणाऱ्याच्या वेदना, यातना? त्यांचे 10,000.

जळून मरणाऱ्याच्या यातना विमा कंपनीच्या कारकुनीच्या दुपटीहून जरा जास्त. कुणी ठरवलं? कशावरून? यादीत त्याला उत्तर नाही.

पद्धत मात्र स्पष्ट आहे. माणूस म्हणजे त्याचा पगार. मग निवृत्त आजोबांचं काय? घरात राबणाऱ्या बाईचं काय? आपल्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गेलेल्या कुणालाही हे नवं नाही. मासिक उत्पन्न किती, वय किती, त्यावर गुणक कोणता, यावरच रकमेचं मोठं गणित ठरतं. पण तिथे माणूस आधीच गेलेला असतो आणि मागे राहिलेल्यांचं घर चालायचं असतं. ते गणित मृत्यूनंतरचं आहे. तेच उचलून मृत्यूच्या आधी मांडायचं आणि त्यावर माणूस वाचवायचा की नाही हे ठरवायचं?

फोर्डच्या टिपणाचा दोष इथे आहे. नुकसानभरपाईचा आकडा त्यांनी बचावाचा आकडा म्हणून वापरला.

दुसरी पद्धत आहे. माणसाची किंमत विचारायचीच नाही, धोक्याची विचारायची. समजा एका झडपेमुळे 1 लाख गाडीवाल्यांपैकी एकाचा जीव वाचतो. कुणाचा, ते आधी कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक जण 100 डॉलर जादा द्यायला तयार असेल, तर सगळ्यांनी मिळून त्या एका जिवासाठी 1 कोटी डॉलर मोजले. लोक किती द्यायला तयार असतात, हे अभ्यासक मुख्यतः धोकादायक कामांना किती जादा मजुरी मिळते त्यावरून काढतात. अमेरिकेच्या वाहतूक विभागाने या पद्धतीने 2023साठी धरलेला आकडा आहे 1 कोटी 32 लाख डॉलर.

महागाई धरली, तर 1972चे 2 लाख म्हणजे 2023चे साधारण साडेचौदा लाख. पद्धत बदलली आणि जीव 9 पट महाग झाला.

आता जुनी बेरीज पुन्हा मांडा. जायबंदी माणसं आणि जळलेल्या गाड्या यांचे आकडे तसेच ठेवा, फक्त 180 मृत्यूंची किंमत बदला. एका जिवाला त्या काळचे 6 लाख 89 हजार डॉलर धरले, की दोन्ही बाजू बरोबरीत येतात. 9 पट धरले, तर फायदा 33 कोटींवर जातो आणि खर्च पावणेचौदा कोटींवरच राहतो. तीच झडप, तीच माणसं, तीच आग. निकाल साफ उलटा.

म्हणून अशा कागदावर ‘परवडत नाही’ वाचलं, की पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणता आकडा किती हलवला तर उत्तर फिरतं? फोर्डच्या टिपणात दुसरीही एक जागा दिसते. मृत्यू 180 आणि जायबंदीही नेमके 180. अपघातात मरणाऱ्यांपेक्षा जखमी कितीतरी जास्त असतात, हे कुठलाही हवालदार सांगेल. हे जायबंदी दहा पट धरले, तर फायद्यात आणखी 10 कोटी 85 लाखांची भर पडते आणि मृत्यूंच्या किमतीला हात न लावताही बेरीज उलटते.

नव्या पद्धतीतही खोट आहे. गरीब माणूस सुरक्षिततेसाठी कमी पैसे देऊ शकतो, म्हणून त्याचा जीव स्वस्त धरायचा का? अमेरिकेचा वाहतूक विभाग यावर सगळ्यांना एकच आकडा लावतो, आणि तेच योग्य आहे. तिथल्या पर्यावरण खात्याने हवेच्या प्रदूषणाचा हिशेब करताना सत्तरीपुढच्यांचा जीव 37 टक्के कमी धरून पाहिला होता. 2003मध्ये म्हाताऱ्यांच्या संघटना खवळून उठल्या आणि खात्याला माघार घ्यावी लागली. लोकांना आकडा दिसला, म्हणून ते भांडू शकले.

जिवाची किंमत करूच नये, असं म्हणणाऱ्यांचा संताप मला कळतो, पण पटत नाही. प्रत्येक गाडीला रणगाड्याचं पोलाद लावता येत नाही. कुठेतरी थांबावंच लागतं. जिथे थांबलो, तिथे किंमत ठरलीच. ती कागदावर असेल तर निदान धरता येते.

आणि कागदावर नसेल तर?

जनरल मोटर्सकडे बघा. तिच्या काही छोट्या गाड्यांमध्ये किल्लीचा इग्निशन स्विच सैल होता. धक्का बसला, किल्लीला जड जुडगा असला, की धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. मग धडक झाली तरी एअरबॅग उघडायची नाही. 2005मध्ये दुरुस्तीचा विचार झाला. नव्या भागाला गाडीमागे 90 सेंट जादा लागणार होते आणि वॉरंटीच्या खर्चात 10 ते 15 सेंट वाचणार होते. दुरुस्ती बारगळली.

त्या हिशेबात मृत्यूची ओळच नव्हती. 2 लाखांची नाही, 2 डॉलरचीही नाही. इंजिन बंद पडणं ही गिऱ्हाइकाची गैरसोय, एवढंच धरलं होतं.

पिंटोपासून कंपन्या काय शिकल्या, तेही इथेच दिसतं. 2008मध्ये जनरल मोटर्सने कर्मचाऱ्यांना अहवालात टाळायच्या 69 शब्दांची यादी दिली. ‘मृत्यूचा सापळा’ लिहू नका, ‘दोष’सुद्धा लिहू नका. फोर्डच्या त्या दोघांनी निदान 180 मृत्यू ‘मृत्यू’ म्हणून लिहिले होते.

2014मध्ये प्रकरण फुटलं. 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, सरकारने साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला, आणि कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने एकेक दावा तपासून 124 मृत्यू त्या सैल स्विचच्या नावावर मान्य केले.