मुहूर्तराव

डोंबिवलीत कर सल्लागाराचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या या स्नेह्याचं नाव वेगळं आहे, पण ते आता त्यांच्या लेटरहेडवरच उरलंय. बाकी सगळे त्यांना मुहूर्तराव म्हणतात. लग्नमुंजीचे मुहूर्त ते काढत नाहीत. त्यांचा अभ्यास आहे तो कोणाला कधी मेसेज पाठवावा याचा.

त्यांच्या शास्त्राला कायद्याचा आधार आहे, असं ते सांगतात. कर्जवसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं. "जो पैसे बुडवतो त्याला एवढी सवलत, मग जो आपली फी देतो त्याचं काय?" हा त्यांचा बिनतोड सवाल.

एरवी रात्री बारापर्यंत जागून ते लोकांचे हिशेब लावतात. शंका सुचते ती नेमकी साडेअकराला. अशा वेळी ते मजकूर लिहितात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नावे पाठवून ठेवतात आणि सकाळी क्लाएंटला पुढे पाठवतात, तेही नऊ वाजून सात मिनिटांनी. नऊच्या ठोक्याला पाठवलं तर माणूस दबा धरून बसला होता असं वाटतं म्हणे. मेसेज एकच असतो. आधी नुसतं "नमस्कार", मग पाच मिनिटं शांतता, मग "एक काम होतं", असा छळ ते करत नाहीत. काय हवं, कधीपर्यंत हवं आणि उशीर झाला तर काय होईल, हे सगळं एका दमात. खरंच तातडीचं असेल तर सरळ फोन. "रात्री फोन करायला लाज वाटते म्हणून मेसेज टाकायचा, याला शिष्टाचार म्हणत नाहीत, पळपुटेपणा म्हणतात."

ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या सरांना सोमवारी साडेअकराच्या आत ते काही विचारत नाहीत. दहाला सर लोकलमध्ये लोंबकळत असतात आणि त्यानंतर चहा व्हायचा असतो. वडीलधाऱ्यांची वेळ दहा ते बारा, म्हणजे पूजा झाल्यानंतर आणि पान वाढण्याआधी. रात्री नऊनंतर तर नावच नको. त्यांचे मामा पंच्याऐंशीचे आहेत. उशाशी फोन टुणकन वाजला की मामा आधी चष्मा चाचपडतात, मग देवाला हात जोडतात, मग मामींना उठवतात आणि तिघांचं (तिसरा फोन) मिळून वाचन सुरू होतं. आत निघतं काय, तर भाच्याकडून "शुभ रात्री". त्या रात्री मामांना पुन्हा झोप लागत नाही.

सणाच्या शुभेच्छांना कामाचं शेपूट जोडणं हे मुहूर्तरावांच्या लेखी महापाप. "शुभ दीपावली. बँक स्टेटमेंट पाठवा." असा मेसेज त्यांच्या मदतनीसाने एकदा पाठवला, तेव्हा त्याला दोन दिवस टोमणे ऐकावे लागले. पितृपंधरवड्यात ते रिटर्नचं काम बिनधास्त विचारतात, फीवाढीचा विषय मात्र घटस्थापनेनंतर काढतात. यात श्रद्धा किती आणि व्यवहार किती, हे मी विचारलेलं नाही.

त्यांची खरी कसोटी लागली ती २०२५ च्या दिवाळीत. जीएसटीच्या ३बी रिटर्नची मुदत २० ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी नरक चतुर्दशी. एका औषधवाल्या दुकानदाराची खरेदीची बिलं यायची होती. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. मेसेज कधी टाकावा? अभ्यंगस्नानाला पहाटे सगळं घर जागं असतं, पण हाताला तेल आणि उटणं. फराळानंतर माणूस फोन हातात घेतो खरा, पण तोवर कंदिलांच्या फोटोंचा ढीग पडलेला, त्याखाली बिलं गाडली जाणार. धनत्रयोदशीला दुकानात धन्वंतरीची पूजा. म्हणून त्यांनी वसुबारसेला, शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक पांगलेलं असताना मेसेज टाकला. बिलं रात्रीच आली. मुहूर्तराव कृतार्थ झाले.

आणि मग ऐन तोंडावर सरकारने मुदत २५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. दुकानदाराने लगेच विचारलं, "साहेब, मग घाई कशाला केलीत?" हा मेसेज आला लक्ष्मीपूजनाला, नेमका आरती चालू असताना.

तेव्हा तुमचा हिशेब त्यांच्याकडे असेल, तर रात्री साडेअकराला "झालं का हो?" असं खुशाल विचारा. ते तेव्हाच वाचतील. उत्तर सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी येईल.