पुलाचे पैसे पुलावर

सकाळी पनवेलहून निघालेली एक मोटार फोर्टात जाते. वाटेत चिर्ल्याला एक सहकारी बसते, मग अटल सेतू ओलांडला की शिवडीला तिसरा चढतो. ऑफिस एक, गाडी एक, गप्पा एक. पहिल्या तारखेला मात्र तीन तोंडं तीन दिशांना!

कारण हिशोब. "सोप्पं आहे, एकूण खर्च भागिले तीन" असं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे भिडेखातर मान हलवतात.

भिडेचं बिल महिनाअखेरीस येतं.

आकडे मांडूया. पनवेल ते चिर्ले १५ किलोमीटर धरा, सेतू २२ आणि शिवडी ते फोर्ट ८. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. जाऊन-येऊन ९० किलोमीटरचं पेट्रोल ६३० रुपयांचं. सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला तेव्हा मोटारीचा टोल ठरला एकेरी २५० आणि जाऊन-येऊन ३७५. एकूण दिवसाचे १००५ रुपये.

भागिले तीन, प्रत्येकी ३३५. पनवेलकर ४५ किलोमीटर बसतो, शिवडीकर ८. दोघांना भाव एकच. याला समानता म्हणायचं?

शिवडीकराला हार्बर लोकल आहे. ३३५ रुपये मागितलेत तर पुढच्या सोमवारी तो फलाटावर दिसेल आणि त्याचा वाटा उरलेल्या दोघांच्या डोक्यावर बसेल. त्याला जास्त कापायला जाल, तर स्वतःच जास्त भराल.

मग दुसरा शहाणा येतो. "किलोमीटरप्रमाणे वाटू." ऐकायला अगदी न्यायाचं. जाऊन-येऊन पनवेलकराचे ९०, चिर्लेकर बाईंचे ६०, शिवडीकराचे १६. त्या प्रमाणात १००५ वाटले तर ५४५, ३६३ आणि ९७ रुपये होतात.

आता ते ९७ उलगडून बघा. त्यातले ३६ रुपये टोलचे आहेत. शिवडीकर गाडीत बसतो तो पूल संपल्यावर. ज्या पुलावर त्याने चाक ठेवलं नाही, त्याचा टोल त्याने का भरायचा?

टोल किलोमीटरला लागत नाही, नाक्याला लागतो.

उरलेल्या ६१ रुपयांतही खोट आहे. पनवेल ते चिर्ले गाडीत एकटा मालक असतो. त्या रिकाम्या गाडीच्या पेट्रोलचा भारही या हिशोबात हळूच पुढच्यांवर सरकतो. शिवडी-फोर्टच्या टप्प्याला दोन्ही वेळचं मिळून पेट्रोलच लागतं ११२ रुपयांचं आणि त्यात माणसं तीन. मग एकट्याचे ६१ कसे?

योग्य हिशोब टप्प्याटप्प्याचा. प्रत्येक टप्प्याचा खर्च त्या टप्प्यावर गाडीत बसलेल्यांनी सारखा वाटायचा आणि नाका ज्या टप्प्यात, टोल त्या टप्प्यात. बस.

पनवेल ते चिर्ले, जाऊन-येऊन २१० रुपये, सगळे मालकाचे. सेतूवर पेट्रोल ३०८ आणि टोल ३७५, मिळून ६८३. माणसं दोन, म्हणून प्रत्येकी साडेतीनशेला थोडे कमी, ३४१ रुपये ५० पैसे. शिवडी ते फोर्ट ११२, तिघांत प्रत्येकी ३७. बेरीज केली की पनवेलकर ५८९, चिर्लेकर ३७९, शिवडीकर ३७. तीन ओळींचा हिशोब आहे, त्याला लेखापाल लागत नाही.

हा काही कट्ट्यावरचा तोडगा नव्हे. विमानतळाची धावपट्टी लहान विमानाला थोडी पुरते, मोठ्याला लांब लागते; मग खर्च कुणी किती उचलायचा? लिटलचाइल्ड आणि ओवेन या अभ्यासकांनी १९७३ मध्ये दाखवलं की लॉइड शॅप्ली यांची न्याय्य वाटणी इथे याच टप्प्यांच्या हिशोबावर येऊन थांबते. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

"पण मला ५८९ पडतात!" हे मालकाचं गाऱ्हाणं. पडणारच. पण एकटा गेला असता तर १००५ पडले असते. रोजचे चारशेहून जास्त वाचले, ते कुणामुळे?

काही मालकांचा हिशोब याहून न्यारा. ते खर्च वाटतात, पण माणसं मोजताना स्वतःला वगळतात. गाडी त्याची, स्टिअरिंग त्याचं, म्हणून बसणं फुकट? पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत खर्च वाटून घेणं वेगळं आणि भाडं कमावणं वेगळं. भाड्याला परवाना लागतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

टोलचा आकडा पावतीवरून घ्या, आठवणीतून नको. एकेरी २५० दोनदा लावले की ५०० होतात. फास्टॅगच्या खात्यातून जाऊन-येऊनचे ३७५ कापले असतील, तर वरचे १२५ कुणाच्या खिशात गेले?

आणि बंद झालेला टोल? मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. तुमच्या गाडीची महिन्याची ठरलेली रक्कम त्याआधीची असेल, तर ती आजच पुन्हा मांडा.

सरकारने सोडलेला टोल मित्राने वसूल करू नये.

मायलेजही कंपनीच्या जाहिरातीतलं नको. टाकी काठोकाठ भरा, मीटर टिपून ठेवा, आठवडाभर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. ४८० किलोमीटर झाले आणि ३२ लिटर मावलं, तर मायलेज १५. जाहिरातीतल्या २० ने हिशोब केलात तर किलोमीटरला पावणेदोन रुपये मालकाच्या अंगावर येतात. एसी सगळ्यांना हवा असतो, त्याचं पेट्रोल एकट्याने का घालायचं?

वाट वाकडी केली तर ती कुणासाठी केली ते बघा. बाईंच्या दारात जायला रोज जाता-येता दोन-दोन किलोमीटर जादा पडत असतील, तर ते २८ रुपये बाईंचे. नाक्यावर येऊन थांबल्या, तर शून्य.

आता खरं भांडण लागतं ते सुट्टीवर. बाई आल्या नाहीत, तर सेतूचे ६८३ मालकावर पडतात आणि शिवडीकराचे ३७ होतात ५६. पेट्रोल आणि टोल रजा घेत नाहीत. म्हणून एक नियम आधीच ठरवा. आदल्या रात्री कळवलं, तर वाटा नाही. सकाळी गाडी दारात उभी राहिल्यावर कळवलं, तर वाटा पूर्ण. ताप सांगून येत नाही हे खरं, पण तशा सकाळी सूट द्यायची की नाही, हे बाकीच्या दोघांनी ठरवावं.

टायर, सर्व्हिसिंग, विमा? मालकाला हवं असेल तर किलोमीटरला ठरावीक रुपया पेट्रोलच्या दरातच मिळवावा. मात्र पहिल्या दिवशी बोलून. सहा महिन्यांनी आठवलेला टायर कुणीही भरत नाही.

हे सगळं मोबाईलमधल्या एका वहीत मावतं: टप्पा, किलोमीटर, टोल, हजर कोण. रोज चार नोंदी, शनिवारी बेरीज. आठवड्याचे पैसे आठवड्याला द्या, कारण महिन्याची थकबाकी मैत्रीच्या मुळावर येते.

तेव्हा येत्या सोमवारी गाडीत बसताना आधी टप्पे लिहा, मग सीटबेल्ट लावा. जो जिथे बसतो, तिथपासूनचंच देतो.