बूट, किल्ल्या आणि ठमी

माणूस हा घरात बसणारा प्राणी आहे, असा ठमीचा ठाम समज होता, आणि तिच्यापुढचा पुरावा पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, धूळ खात उभ्या असलेल्या एका स्कूटरखाली ती सापडली, तेव्हा जेमतेम दीड महिन्याची असेल. तिने डोळे उघडून पाहिलेलं जग म्हणजे वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून लॅपटॉपशी भांडणारा माझा नवरा, पलंगावर लोळत शाळा शिकणारी लेक, आणि दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पायाशी पसरायची सोय. ऑफिस नावाची जागा असते आणि माणसं तिथे स्वतःच्या पायांनी जातात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०२२च्या गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यातले निर्बंध उठले. पाठोपाठ दोघांच्या कंपन्यांना आमची एकदम आठवण आली, शाळेची बसही पुन्हा गेटवर येऊ लागली. पहिल्याच आठवड्यात दाराच्या चौकटीचं लाकूड खालून वीतभर सोललं गेलं, दारापाशी शू सापडली, आणि शेजारच्या काकूंनी कळवलं, "अगं, तुमची ठमी दिवसभर गळा काढते. कुणी गेलं की काय असं वाटतं."

सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या मते दोन रट्टे दिले की कुत्रं सुधारतं. "बघा, तिला आपली चूक कळते. आल्यावर कसे कान पाडून बसते!" कान पडतात हे खरं, पण ते कशाने, हे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रयोग करून दाखवलं आहे. मालक खोलीबाहेर गेल्यावर काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही. परतलेल्या मालकांना मात्र खरं-खोटं काहीही सांगितलं जाई. अपराधी चेहरा दिसला तो ओरडा खाणाऱ्या कुत्र्यांचा, खाऊ खाल्लेला असो वा नसो. मालकाचा नूर पाहून कुत्रं गडबडतं, इतकाच त्याचा अर्थ. संध्याकाळी सातला दिलेला रट्टा सकाळी नऊच्या चौकटीशी जोडणं ठमीच्या आवाक्याबाहेरचं होतं. शिकली असती ती एवढंच, की ही माणसं जातात ते वाईट आणि येतात तेही वाईट.

रट्ट्यांऐवजी आम्ही तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी लघवी तपासायला लावली, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गानेही घरात शू होते. ती साफ निघाल्यावर ते म्हणाले, "जुना मोबाइल शोकेसमध्ये ठेवा, रेकॉर्डिंग लावा आणि बाहेर पडा. जाताना तिच्या अत्यंत आवडीचं काहीतरी टाकून जा."

आम्ही उकडलेलं चिकन टाकलं. ते रेकॉर्डिंग बघताना घरात कुणी हसलं नाही. दार लागल्यावर ठमी क्षणभर कान टवकारून उभी. मग दार ते बाल्कनी, बाल्कनी ते दार, अशा येरझाऱ्या. डोक्यावर पंखा फिरत असताना जीभ बाहेर काढून धापा, हनुवटीवरून लाळेच्या तारा. काही मिनिटांतच पंजांनी चौकट उकरणं आणि तोंड वर करून ते रडणं. चिकनकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही परतलो, अंगावर उड्या मारून झाल्या, आणि मगच तिने ते दोन घासांत संपवलं.

डॉक्टरांना त्या न खाल्लेल्या चिकनमध्येच सगळं दिसलं. कंटाळलेलं कुत्रं आधी खाऊ खातं, मग सावकाश सोफ्याकडे वळतं, चप्पल, उशी, जे मिळेल ते फाडतं आणि झोपून जातं. घाबरलेल्या कुत्र्याच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि त्याची सगळी मोडतोड आपण जिथून गेलो त्या दाराशीच असते. ठमी खोड्या काढत नव्हती, तिची पाचावर धारण बसत होती. म्हणून पिंजऱ्यात कोंडायचा सल्लाही बाद झाला, कारण असं कुत्रं गजांवर दात मोडून घेतं. "दुसरं पिल्लू आणा, सोबत होईल" हाही बाद. तिला कुणीतरी नको होतं, आम्ही हवे होतो.

उपाय ऐकायला पोरकट आहे आणि करायला त्याहून. ठमीची भीती दार लागल्यावर सुरू होत नव्हती. किल्ल्या वाजल्या, बूट निघाले, डब्याचं झाकण लागलं, की तिथूनच चढत जायची. म्हणून आधी या खुणांमधली हवा काढून घ्यायची. नवरा बूट घालून क्रिकेट बघू लागला. मी हेल्मेट चढवून भाजी चिरली. किल्ल्या वाजवत आम्ही बाथरूमला जाऊन आलो. आधी ठमी दर वेळी ताडकन उठायची, मग नुसती मान उचलायची, आणि एके दिवशी किल्ल्या वाजल्या तरी कूसही बदलली नाही.

मग दार. बाहेर जायचं, तीन सेकंदांत आत. मग आठ सेकंद, मग पुन्हा चार. सतत वाढवत नेलं तर तिला तेही कळतं, म्हणून मध्ये मध्ये सोपं करायचं. बाहेर जिन्यात उभं राहून मोबाइलवर तिला बघायचं आणि ती घाबरायच्या आत परतायचं. रडेपर्यंत थांबलो, तर तो सराव भीतीचाच होतो. एका मोठ्या कंपनीत दीडशे माणसांचा व्यवस्थापक असलेला माझा नवरा स्वतःच्याच दाराबाहेर ओठ हलवत सेकंद मोजताना दिसू लागला. वरच्या मजल्यावरच्या बाई आमचं बरं चाललंय ना, हे फार हळुवारपणे विचारून गेल्या.

खरी अट वेगळीच आहे, आणि ती ऐकून बरेच लोक इथेच सोडून देतात. शिकवणी चालू असेतो कुत्र्याला पेलेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचंच नाही. नाहीतर संध्याकाळी मिळवलेली दहा मिनिटं दुसऱ्या दिवशीच्या नऊ तासांत वाहून जातात. मग आमच्या घरात रेल्वेसारखं वेळापत्रक लागलं. आम्हा दोघांचे घरून कामाचे दिवस वेगवेगळे झाले, साताऱ्याहून सासूबाई आल्या, आणि गळा काढण्याची तक्रार करणाऱ्या काकूंनीच दुपारची पाळी मागून घेतली. डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटीनच्या गोळ्याही सुरू केल्या, माणसांना देतात त्याच. "चार-सहा आठवडे काही विचारू नका," असं बजावून. गोळीने कुत्रं शिकत नाही, पण भीतीची पातळी इतपत उतरते, की शिकवलेलं डोक्यात शिरतं.

चढण होती ती पहिल्या अर्ध्या तासाची. पाच मिनिटांवरून सहावर जायला जितका जीव खाल्ला, तितका तासावरून दोन तासांवर जायला लागला नाही. आता ठमी चार तास एकटी राहते. त्यातला बराच वेळ घोरते, असं रेकॉर्डिंग सांगतं. ऑफिस मात्र नऊ तासांचं आहे, तेव्हा काकूंची पाळी चालूच आहे, आणि ती कधी संपेल असं काकूंनाही वाटत नाही.

मध्यंतरी एका लग्नासाठी नवऱ्याने नवी कोल्हापुरी घेतली. तिची करकर ऐकताच ठमी दाराला पाठ लावून धापा टाकत बसली, कारण अभ्यासक्रमात फक्त बूट होते. आता दर रविवारी सकाळी नवरा कोल्हापुरी घालून पोहे खातो.