बिनबर्फाचा फुल

आमचे शेजारी नाना रसवंतीवर पाऊल ठेवतानाच ऑर्डर देतात : "एक फुल, विदाउट बर्फ. मला शुगर आहे." शेवटचं वाक्य ते जरा मोठ्याने म्हणतात. आजूबाजूचे चारजण आदराने बघतात. काय संयम आहे माणसाचा, बर्फसुद्धा घेत नाही!

चरक फिरतो, घुंगरं वाजतात, लिंबू आणि आल्याचा तुकडा उसाच्या कांड्यात चेपून आत जातो आणि नानांच्या हातात काठोकाठ भरलेला हिरवट-पिवळा ग्लास येतो. माझ्या ग्लासात बर्फ होता, म्हणून नाना माझ्याकडे करुणेने पाहत होते. प्रत्यक्षात त्या टेबलावर करुणेची गरज कोणाला होती, ते सांगायला आजचं सदर.

आधी नानांची बाजू. बर्फाबद्दल त्यांचा संशय रास्त आहे. ती लादी कारखान्यातून टेम्पोत, टेम्पोतून फुटपाथवर आणि फुटपाथवरून गोणपाटात येते. मग टोच्याने फुटते आणि ज्या हाताने नोटा मोजल्या त्याच हाताने ग्लासात पडते. मासळी किंवा इतर माल थंड ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नसतं. तो सरबतात जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून नियम आहे : खाण्याचा बर्फ बिनरंगी, न खाण्याचा निळसर. नियम चांगला आहे. फक्त लादी पांढरी दिसली म्हणून ती गटाराच्या कडेने घसटत आलीच नाही, असं कुठलाही रंग सांगत नाही. शिवाय गोठल्याने जंतू मरतात हा आपला गोड समज. कावीळ करणारा हेपॅटायटिस ए चा विषाणू बर्फात मजेत राहतो आणि ग्लासात वितळला की कामाला लागतो.

म्हणजे बर्फ नको हे बरोबर. गडबड पुढे आहे. बर्फ काढला की ग्लासात जागा होते आणि ती जागा रसवंतीवाला प्रामाणिक माणूस असल्यामुळे रसाने भरतो.

एके दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा मी माझी एक लिटरची पाण्याची बाटली रसवंतीवाल्याच्या फुल ग्लासांत ओतून पाहिली. बरोबर चार ग्लास भरले. म्हणजे फुल २५० मिलिलिटरचा. बर्फ घातला की त्यात रस मावतो साधारण १७०. आता साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात उसाच्या रसात १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते, तेव्हा तो कमीत कमी प्या, असं सरळ लिहिलं आहे. मधला १४ धरू. माझ्या बर्फाळ ग्लासात २४ ग्रॅम. नानांच्या संयमी ग्लासात ३५.

पस्तीस ग्रॅम म्हणजे सपाट सात चमचे. हेच नाना सकाळच्या चहात सुनेने अर्धा चमचा घातला असावा अशा संशयावरून कप परत पाठवतात. कोलाच्या बाटलीला ते विष म्हणतात. तेवढ्याच मापाच्या कोलात साखर असते २६-२७ ग्रॅम. विषाला अमृताने आठ ग्रॅमनी मागे टाकलं.

रस्त्यावरच्या रसातली सगळ्यात घाणेरडी वस्तू बर्फ, आणि नानांची शुगर सांभाळणारी त्या ग्लासातली एकमेव वस्तूही बर्फच. जंतू टाळायला गेलं की साखर वाढते, साखर टाळायला गेलं की जंतू येतात. दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच आहे, ग्लास लहान करा. पण "लहान" हा शब्द रसवंतीवर उच्चारणं आपल्याकडे कंजूषपणाचं लक्षण आहे.

नानांना हे सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढला. तिथे त्यांचं विद्यापीठ असतं.

"हे वाच. उसाच्या रसाचा ग्लायसेमिक इंडेक्स फार नाही. नैसर्गिक साखर आहे ती."

इंडेक्सचं असं आहे, नाना, की तो मोजताना सगळ्या पदार्थांतलं कर्बोदक सारखंच घेतात, बहुधा ५० ग्रॅम, आणि साखर रक्तात किती झपाट्याने चढते ते बघतात. गाडी किती वेगाने आली ते त्यावरून कळतं. किती माल घेऊन आली ते कळत नाही. आणि नैसर्गिक म्हणाल, तर डब्यातली पांढरी साखरही उसातूनच येते. कारखान्यात रस आटवून तिचे दाणे करतात. तुम्ही ती आटवण्याआधी पिता, इतकाच फरक.

"मग पूर्वीचे लोक शेतात ऊस खायचेच ना?"

खायचे. दाताने. तुमच्या एका फुलसाठी साधारण अर्धा किलो ऊस चरकातून जातो. तेवढा सोलून, चावून, चोथा थुंकत खायला अर्धा तास जातो. निम्म्यावर जबडा राजीनामा देतो. चरकाला जबडा दुखायचा त्रास नाही. तंतू चिपाडात राहतात आणि साखर दोन मिनिटांत पोटात. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण करणाऱ्याने चरक पाहिला नसावा.

शेवटी यंत्रच मध्ये घातलं. पुढच्या रविवारी नानांनी ग्लुकोमीटर आणला. रसाआधी १५२. बिनबर्फाचा फुल रिचवून तासाभराने २४६. नाना म्हणाले, मशीन बिघडलंय. दुसऱ्या बोटातून काढलं. २४३. दोन्ही बोटं बिघडली असावीत.

यात नवल काही नव्हतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि शुगर १०० असताना त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं पाच ग्रॅम. एक चमचा. त्या तळ्यात आपण सात चमचे सोडतो. निरोगी माणसाचं इन्सुलिन धावतपळत येऊन ते आवरतं. नानांचं इन्सुलिन नानांच्याच वयाचं आहे. आणि मीटरला पूर्ण गोष्ट दिसतही नाही. उसाची साखर पोटात फुटते तेव्हा निम्मी ग्लुकोज होते, निम्मी फ्रुक्टोज. मीटर फक्त ग्लुकोज मोजतं. फ्रुक्टोज बहुतेक यकृताकडे जातं आणि रोजच भरपूर आलं तर तिथे त्याची चरबी होऊ लागते. २४६ ही अर्ध्या ग्लासाची पावती आहे. उरलेल्या अर्ध्याची यकृत ठेवून घेतं.

मधुमेह्याला रस कधीच चालत नाही असं नाही. एक वेळ अशी असते की तो औषध असतो. इन्सुलिन किंवा गोळी घेतली, जेवण राहिलं, हातपाय थरथरले, घाम फुटला, शुगर ७० च्या खाली गेली. तेव्हा पटकन भिनणारी १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना.) पंधरा ग्रॅम म्हणजे किती रस? जेमतेम ११० मिलिलिटर. ढासळणाऱ्या माणसाला सावरायला अर्धा ग्लाससुद्धा जास्त होतो. तो आख्खा ग्लास नाना १५२ वर असताना, वर्तमानपत्र वाचत, करमणूक म्हणून घेतात.

आता औषधाचा विषय निघालाच आहे तर कावीळ. आपल्याकडे कावीळ झाली की नातेवाईक पहिल्या दिवशी उसाचा रस आणतात. यकृताला थंडावा मिळतो म्हणे. तो येतो नाक्यावरच्या गाड्यावरून. हेपॅटायटिस ए आणि ई या दोन्ही काविळी पसरतात दूषित पाण्यातून आणि अस्वच्छ हातांतून. म्हणजे ग्लास बुचकळायच्या ज्या बादलीने आजार दिला असेल तिच्याकडेच आपण औषधाला परत जातो. ती बादली सापडत मात्र नाही, कारण ए ची कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. रस होळीला प्यालेला, डोळे पिवळे गुढीपाडव्याला किंवा त्याहूनही पुढे. मग दोष कुणाला? आदल्या रात्रीच्या लग्नातल्या पनीरला.

तेव्हा गाड्यावर उभं राहिल्यावर बर्फाच्या आधी ती बादली बघावी. सकाळी भरलेल्या एकाच पाण्यात दिवसभर ग्लास बुचकळले जातात. तिसऱ्या प्रहरी ते पाणी स्वतःच पातळ रस झालेलं असतं आणि माश्या त्याची चव घेत असतात. मग ऊस बघावा. कांड्याचा कापलेला तोंडाकडचा भाग आतून लालसर असेल आणि आंबूस वास येत असेल, तर तो ऊस कुजका आहे. त्याचा रस नको. शेवटी रस बघावा. डोळ्यासमोर पिळलेलाच घ्यावा. भरून ठेवलेल्या जगातला रस काळवंडतो, काही तासांत आंबतो आणि जंतू त्यातल्या साखरेपासून चिकट पदार्थ करू लागतात. रसाला तार सुटली की समजावं, आपल्या आधी कुणीतरी तो पिऊन गेलं. लिंबाने रस काळवंडायला वेळ लागतो, म्हणून तो ताजा दिसतो. जंतू मात्र दोन मिनिटांत लिंबाला घाबरून मरत नाहीत, आणि साखर तर लिंबाने एक ग्रॅमही कमी होत नाही. हे शेवटचं खास नानांसाठी, ते दोन फोडी जास्त पिळून घेतात.

रविवारचा आकडा पाहिल्यापासून नाना जरा गप्प आहेत. परवा ते रसवंतीवर आले, बसले आणि बऱ्याच विचाराने म्हणाले, "हाफ. बिनबर्फाचा. आणि हाफ म्हणजे खरंच हाफ, भाऊ, वर घालू नकोस."

रसवंतीवाला हसला. म्हणाला, "काका, बर्फ कसला, पाणी कुठलं, हे दिवसात पन्नास जण विचारतात. रस कमी घाल म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक तुम्ही."

मग त्याने चरक बंद केला, घुंगरं थांबली आणि तो शेजारच्या टपरीकडे वळून ओरडला, "एक कटिंग पाठव रे! माझा, बिनसाखरेचा."