रोखलेले एक लाख

भिलाई इस्पात कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला घराची काळजी कधी करावीच लागत नाही. नळ गळला, नगर सेवा विभागाच्या वहीत लिहा. भिंतीला ओल आली, वहीत लिहा. आमच्या दादाने तीस-पस्तीस वर्षं अशीच काढली आणि निवृत्त झाल्यावर जुनवानीच्या बाजूला प्लॉटवर घर बांधलं. मग त्याच्या लक्षात आलं, की आता वही आपली आणि तक्रार ऐकणाराही आपणच.

ताबा घ्यायच्या आठवड्यात त्याने ठेकेदाराला द्यायचं पत्र लिहून मला वाचायला दिलं. ‘घरातील सर्व त्रुटी समाधानकारकपणे दूर केल्याखेरीज राहिलेली रक्कम मिळणार नाही.’ खाली सही. वहिनी म्हणाल्या, “भावजी, समाधान कोणाचं? यांचं आजवर झालेलं मी तरी पाहिलं नाही.”

मुद्दा त्यांनी नेमका धरला होता. करार चाळीस लाखांचा. प्रत्येक बिलातून पाच टक्के रोखलेले, म्हणजे दोन लाख. त्यातले एक लाख ताब्याबरोबर सुटणार आणि एक लाख वर्षभराच्या दोष-दुरुस्तीसाठी राहणार. बिल्डरकडून फ्लॅट घेतला असता, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून मागता आले असते. पण स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावला, की विकणारा कोणी नसतो. मग मुख्य आधार कराराचा आणि या पत्राचा.

आम्ही दोघं यादी करायला निघालो. दादा रेल मिलच्या तपासणी विभागातला. रुळात दडलेला दोष शोधणारा माणूस आता रुपयाचं नाणं हातात घेऊन हॉलच्या टाइल्स वाजवत निघाला. भरीव टाइल ‘टक्’ बोलते आणि खाली मसाला नीट न बसलेली पोकळ टाइल ‘ढप्’. खिडकीच्या बाजूला सहा टाइल्स ढपल्या. दादाने प्रत्येकीवर खडूने फुली मारली आणि चेहरा असा केला, की एखादी मालगाडीच वाचवली.

नहाणीत बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीकडे न जाता निवांत दाराशी येऊन थांबलं. यादीत ‘उतार चुकीचा’ एवढंच लिहिलं, तर ठेकेदार म्हणणार, आहे की उतार. म्हणून लिहिलं: ‘वरच्या मजल्यावरची नहाणी, बादलीभर पाणी ओतल्यावर पंधरा मिनिटांनी दाराशी पाणी साचलेलं नसावं.’ जागा, दोष आणि तो गेला हे ठरवायची कसोटी, तिन्ही एकाच ओळीत. ही ओळ वाचून कोणालाही समाधानी व्हावं लागत नाही, फक्त बादली आणावी लागते.

यादीत गच्ची आणि एक घासणारं दारही आलं. पण खरा घोळ पैशांचा. दादाचं म्हणणं, एक दार घासतंय तरी लाख रुपये अडवायचे. मी म्हटलं, “दादा, त्या दाराला लाख रुपये लावलेस, तर मिस्त्री दारही करणार नाही आणि गच्चीही करणार नाही. ठेकेदार मनातल्या मनात ते लाख बुडीत खात्यात टाकेल आणि दुसऱ्या साइटवर जाईल.” म्हणून प्रत्येक कामाला वेगळी रक्कम लावली. तीही मिस्त्रीची मजुरी पाहून लावली नाही. तेच काम उद्या तिऱ्हाइताकडून करून घ्यावं लागलं तर काय पडेल, ते धरलं. गच्ची पस्तीस हजार, नहाणी वीस, टाइल्स दहा, दार पाच. झाले सत्तर. उरलेले तीस हजार कुठल्याच ओळीला बांधले नाहीत, कारण काही दोष वर्षभरात आपले आपण बाहेर येतात आणि त्यांची नावं आज कोणाला ठाऊक नसतात.

ज्या ओळीचं काम झालं, तिच्यावर दोघांची सही आणि आठवडाभरात तिचे पैसे. एकवीस दिवसांत नाही झालं, तर लेखी कळवून दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि खर्च त्याच ओळीतून वळता करायचा. उरलं तर परत. आणि मिस्त्री आला, की दादाने घरात घ्यायचं. हे कलम ठेकेदाराने आग्रहाने घालून घेतलं; रास्तच होतं. पत्राला किल्ल्यांची संख्या, वीज मीटरचं रीडिंग आणि काचा-बेसिनचे फोटो जोडले, म्हणजे पुढे सामान चढवताना गेलेला तडा ठेकेदाराच्या नावावर जाणार नाही.

टाइल्स, नहाणी आणि दार तीन आठवड्यांत उरकलं. ठेकेदार स्वतः बादली घेऊन आला होता. गच्चीवर बांध घालून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खालचं छत कोरडं राहिलं. ठेकेदाराने लगेच हात पुढे केला. पण ओळीत दोन कसोट्या होत्या. भिलाईच्या उन्हात तापलेली गच्ची आधी तडकते आणि मग पावसात गळते, म्हणून दुसरी कसोटी पहिल्या पावसाळ्याची.

जूनचा दुसरा आठवडा लागल्यापासून ठेकेदाराचा दादाला रोज सकाळी फोन येतो. “अंकल, उधर बारिश हुई क्या?” शेतकरीसुद्धा इतक्या आतुरतेने आभाळाकडे पाहत नसेल. काल दुर्गला पाऊस झाला, तर त्याने तोही धरून चालेल का, असं विचारून पाहिलं.