शेतीशाळेत ट्रॅक्टरवाला कुठे आहे?

रुंद वरंबा-सरीचे फायदे वाशीम जिल्ह्यात कुणाला सांगायला हवेत असं नाही. करड्याचं कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभाग आणि पोकराच्या शेतीशाळा यांतून ते गावोगावी पोचलेत. तरीही जूनमध्ये पाऊस पडला, वापसा आला की बहुतेक सोयाबीन सपाटच पेरलं जातं. कारण दोन-तीन एकरवाल्याची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. त्या चार दिवसांत त्याला रांगेत उभं राहावं लागतं, आणि कोणतं यंत्र शेतात उतरेल हे ट्रॅक्टरवाला ठरवतो. शेतीशाळेत मात्र त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

मग शेतकऱ्यावर ‘नवं स्वीकारत नाही’ असा शिक्का मारला जातो. तो अन्यायाचा आहे. अमेरिकेत आयोवातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस यांनी 1943 मध्ये मांडला. तिथल्या शेतकऱ्यांनीही आधी थोड्याच जमिनीत पेरून पाहिलं आणि मग वाढवलं. रुंद वरंबा-सरीचं नवं यंत्र असं थोडं थोडं घेता येत नाही, पट्टापेर मात्र घेता येते.

पट्टापेरीसाठी सात दात्यांचं नेहमीचंच पेरणीयंत्र घ्यायचं आणि मधल्या, म्हणजे चौथ्या दात्याचं बी-खताचं छिद्र बोळ्याने बंद करायचं. तीन ओळी, एक खाली, पुन्हा तीन. शेजारचा फेरा जोडला की सहा ओळींचा पट्टा तयार होतो. कडेचं छिद्र बंद केलं तर परतीच्या फेऱ्यात दोन खाली ओळी शेजारी येतात आणि जागा खरंच वाया जाते. एकरी 30 किलो बियाणं धरलं तर त्यातलं चारेक किलो वाचतं. अर्ध्या एकरावर करून पाहायला नवं यंत्र लागत नाही.

खरी चूक पुढे होते. डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून त्या खाली ओळीत सरी पाडावी लागते. ती राहिली तर तिथे फक्त तण माजतं आणि अतिपावसात पाणी ओळींतच तुंबून पानं पिवळी पडतात.

शिवाय पहिला महिनाभर शेजाऱ्याला बांधावरून फक्त मोकळी जागा दिसते. ‘एवढी जमीन पडीक ठेवली?’ असा प्रश्न येतो, आणि त्याला तोंडी उत्तर देऊन कुणाचं समाधान होत नाही. फरक दिसतो तो धो-धो पावसानंतर. सपाट वावरात पाणी साचलेलं असतं, तर इथे ते सरीतून निघून गेलेलं असतं. म्हणून शेतीदिन काढणीच्या तोंडावर, हारतुऱ्यांसह घेऊ नका. मोठा पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी, तोही लहान शेतकऱ्याच्या वावरात घ्या. आणि मे महिन्यात गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना बोलावून तो चौथा दाता त्यांच्याच हातांनी बंद करून घ्या.